आर्गॉनची एन्ट्रॉपी १५४.८५ येत नाही? चुकलेल्या उत्तरातून चूक कशी शोधायची

मी रत्नागिरीत बीएस्सी आणि एमएस्सीच्या मुलांना भौतिक रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी पावसाळा सरत आला की एकच गाऱ्हाणं माझ्याकडे येतं. लांज्याहून, देवरुखहून एसटीने आलेली मुलं ओली वही उघडतात आणि सांगतात, "सर, सगळं सूत्राप्रमाणे केलंय, पण उत्तर जुळत नाही." गणितही तेच असतं: एक मोल आर्गॉन, २९८.१५ केल्व्हिन, १ बार दाब. ट्रान्सलेशनल पार्टिशन फंक्शन काढा आणि त्यावरून एन्ट्रॉपी काढा.

इतक्या वह्या तपासल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. या गणितातल्या बहुतेक चुका आपली ओळख उत्तरात ठेवून जातात. एन्ट्रॉपीत लॉगॅरिदम असतो. त्यामुळे आत कुठे हजारपटीची चूक झाली, तर बाहेर एक ठरलेला आकडा वाढतो किंवा कमी होतो. आपल्या उत्तरातून १५४.८५ वजा करायचे आणि जो फरक उरेल तो वाचायचा. म्हणून वही पहिल्या ओळीपासून चाळण्याआधी ही वजाबाकी करा.

लक्षणं

खालचे सगळे आकडे जूल प्रति केल्व्हिन प्रति मोल या एककात आहेत. बरोबर उत्तर १५४.८५.

```
Math ERROR   h³ वेगळा काढला
 79.01       ln ऐवजी log
103.32       तापमान 25 घातलं (घनफळातही)
146.53       5/2 ऐवजी 3/2
154.00       घनफळ 22.4 लिटर
200.69       h ऐवजी ħ
212.28       घनफळ लिटरमध्ये
241.00       अणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये
601.79       N! विसरला
837.7        अणूऐवजी मोलचं वस्तुमान
```

तुमचा आकडा इथे सापडला तर अर्धं काम झालं. सापडला नाही तर बहुधा दोन चुका एकत्र झाल्या आहेत. त्याचं एक उदाहरण पुढे दिलं आहे.

आधी बरोबर गणित, एकदा शांतपणे

कुठे अडलं हे कळायला वाट माहीत हवी. आर्गॉनचा एक अणू घ्या. मोलचं वस्तुमान ३९.९४८ ग्रॅम, म्हणजे ०.०३९९४८ किलो. त्याला अ‍ॅव्होगाड्रो संख्येने भागलं की एका अणूचं वस्तुमान मिळतं. त्यावरून थर्मल तरंगलांबी Λ काढायची:

```
m = 0.039948 / 6.02214e23 = 6.6335e-26 kg
kT = 1.380649e-23 × 298.15 = 4.1164e-21 J
Λ = h / √(2πmkT)
  = 6.62607e-34 / 4.1421e-23 = 1.600e-11 m
Λ³ = 4.094e-33 m³
```

डब्यातल्या अणूला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. पार्टिशन फंक्शन म्हणजे त्या सगळ्या पायऱ्यांची बेरीज, प्रत्येक पायरी तिच्या बोल्ट्झमन गुणकाने तोललेली. २४.७९ लिटरच्या घनाकृती डब्याची बाजू सुमारे २९ सेंटिमीटर होते. या डब्यात पायऱ्यांचं एकक `h²/8mL²` सुमारे १०⁻⁴¹ जूल येतं आणि kT आहे ४ × १०⁻²¹ जूल. पायऱ्या इतक्या बारीक असताना बेरजेऐवजी सरळ इंटिग्रल घेतलं तरी काही बिघडत नाही. ते सोडवलं की q = V/Λ³ इतकं सुटसुटीत सूत्र हाती येतं.

```
V = RT/P = 0.024790 m³
q = V/Λ³ = 6.056e30
q/N = 6.056e30 / 6.02214e23 = 1.0056e7
ln(q/N) = 16.124
S = R [ln(q/N) + 5/2]
  = 8.31446 × 18.624 = 154.85
```

q/N च्या ओळीवर मी मुलांना हमखास थांबवतो. तो आकडा म्हणजे जवळजवळ एक कोटी. एका अणूमागे एक कोटी अवस्था मोकळ्या आहेत. गणपतीला मुंबईहून निघणाऱ्या गाडीत एका बाकावर सात-आठजण बसतात. इथे उलट आहे, प्रत्येक प्रवाशाला एक कोटी बाकं आहेत. हे चित्र डोक्यात ठेवा, N! च्या वेळी ते कामाला येईल.

पहिली तपासणी: कॅल्क्युलेटर

सुरुवात इथूनच करायची, कारण याला एक मिनिट पुरतं आणि वहीत काही खोडावं लागत नाही.

पुस्तकात सूत्र बहुधा (2πmkT)^(3/2) V / h³ असं छापलेलं असतं. मुलं तसंच आकडे घालतात आणि छेद आधी काढून ठेवतात. h चा घन आहे २.९ × १०⁻¹⁰⁰. परीक्षेला नेतात त्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरची मजल १०⁻⁹⁹ पर्यंतच. त्याच्या खालचा आकडा तो गुपचूप शून्य धरतो. पुढे शून्याने भागायची वेळ आली की पडद्यावर `Math ERROR` येतं आणि मुलाला वाटतं कंस चुकला. गेल्या वर्षी एका मुलाने तीन वेळा कंस बदलून पाहिले, मग मित्राचा कॅल्क्युलेटर आणला. त्यावरही तेच आलं. कंस पहिल्यापासून बरोबर होते. म्हणून घन कधीही आधी करायचा नाही. आधी Λ काढा, तो १०⁻¹¹ च्या घरात येतो, मग त्याचा घन करा. कुठलाही कॅल्क्युलेटर एवढं सहज पेलतो.

दुसरी गोष्ट लॉगची. कॅल्क्युलेटरवर `log` म्हणजे दहा पायाचा आणि `ln` म्हणजे नैसर्गिक. एक्सेलमध्येही `LOG` दहा पायाचाच आहे आणि नैसर्गिकसाठी `LN` लिहावं लागतं. पायथनमध्ये मात्र `log` नैसर्गिक असतो. जो रोज पायथन लिहितो तो परीक्षेत कॅल्क्युलेटरवर हमखास इथे फसतो. ७९ च्या आसपास उत्तर आलं तर बाकी काही तपासू नका, एवढंच पाहा.

दुसरी तपासणी: एककं

हीदेखील फुकटची तपासणी आहे, फक्त चिकाटी लागते. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. नुसतं डोळ्यांनी पाहिल्याने चूक सापडत नाही, कारण आपला डोळा आपल्याच अक्षराला फसतो.

h जूल-सेकंदात आहे, म्हणजे त्याच्या पोटात किलो, मीटर आणि सेकंद आहेत. तेव्हा वस्तुमान किलोतच हवं आणि घनफळ घनमीटरमध्येच. २४.७९ लिटर तसेच घातले तर q हजारपट होतो आणि एन्ट्रॉपी R ln 1000 ने, म्हणजे ५७.४३ ने वाढते. अणूचं वस्तुमान ग्रॅममध्ये राहिलं तरी हजारपटीचीच चूक असते, पण वस्तुमानावर ३/२ घात आहे, म्हणून फरक दीडपट होऊन ८६.१५ येतो. हे दोन आकडे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. ५७ दिसले की घनफळ पाहा, ८६ दिसले की वस्तुमान पाहा.

मोलचं वस्तुमान अ‍ॅव्होगाड्रो संख्येने भागायचं राहिलं तर उत्तर आठशेच्या वर जातं. इतका मोठा आकडा मुलांना स्वतःलाच खटकतो, त्यामुळे ही चूक वहीत फार वेळ टिकत नाही.

फसवी चूक आहे २२.४ लिटरची. अकरावी-बारावीपासून हा आकडा हाडीमांसी खिळलेला असतो, पण तो ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फियरचा आहे. २५ अंशाला तो घातला की उत्तर १५४.०० येतं. अर्ध्या टक्क्याचा फरक, म्हणून मुलं "राउंडिंगमुळे असेल" म्हणून पुढे जातात. राउंडिंगने पहिला दशांश बिघडत नाही. घनफळ दर वेळी RT/P वरून काढा. आणि उत्तर १५४.७४ आलं असेल तर घाबरू नका. तुम्ही १ बारऐवजी १ अ‍ॅटमॉस्फियर घेतला आहे. गणितात तसंच दिलं असेल तर तुमचं उत्तर बरोबर आहे.

"खोलीचं तापमान" हा शब्दही नीट वाचा. तक्त्यातली खोली २५ अंशांची असते. आपल्याकडे २५ अंश म्हणजे जानेवारीतली सकाळ. ३० अंशाला हेच गणित केलं तर १५५.१९ येतं. तुम्ही खोलीतला थर्मामीटर पाहून तापमान घातलं असेल, तर ०.३४ चा हा फरक चूक नाही.

तिसरी तपासणी: h की ħ

क्वांटमचा पेपर ताजा असला की हात आपोआप ħ लिहितो. Λ च्या सूत्रात साधा h आहे. ħ घातला तर Λ २π ने लहान होतो, त्याचा घन (२π)³ ने लहान होतो आणि उत्तर ४५.८४ ने वाढतं.

या एका अक्षराचा इतका बाऊ का, असं मुलं विचारतात. अभिजात सिद्धांतात एन्ट्रॉपीचा फरक सांगता येत होता, पण तिची खरी किंमत सांगता येत नव्हती. अवस्था मोजायच्या तर एका अवस्थेला जागा किती लागते ते ठरवावं लागतं, आणि ती जागा h ठरवतो. १९१२ साली ओटो साकुर आणि ह्यूगो टेट्रोड यांनी आपापल्या वाटेने हे सूत्र मांडलं. टेट्रोड तेव्हा सतरा वर्षांचा होता. पाऱ्याच्या वाफेच्या दाबाची मोजमापं घेऊन त्यांनी सूत्रातला h पडताळला, आणि तो प्लांकच्या h शी जुळला. म्हणजे भांड्यातल्या साध्या वाफेच्या दाबातून प्लांकचा स्थिरांक बाहेर आला. तिथे २π ची सूट घेतली की सगळा पडताळाच मोडतो.

चौथी तपासणी: N! आणि त्याच्या पोटातला एक

इथे वेळ लागतो, कारण चूक आकड्यात नसून समजुतीत असते. ६०१.७९ हे उत्तर माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येतं.

मुलं एका अणूचा q काढतात आणि N अणूंसाठी Q = q^N लिहितात. अणू ओळखता येत असते, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर असता, तर ते बरोबर होतं. पण आर्गॉनचे दोन अणू अदलाबदल केले तर नवी अवस्था होत नाही, तीच राहते. म्हणून Q = q^N / N!. आता ती कोटी बाकं आठवा. एका अणूमागे इतक्या मोकळ्या जागा आहेत की दोन अणू एकाच बाकावर सापडण्याचा संभव नगण्य आहे. म्हणूनच नुसत्या N! ने भागून काम भागतं. गर्दी असती तर हा सरळ भागाकार चालला नसता.

N! नसला की काय बिघडतं ते आकड्यांशिवायही दिसतं. एकाच तापमानाचे आणि दाबाचे, एकेक मोल आर्गॉनचे दोन डबे शेजारी ठेवा आणि मधला पडदा काढा. आत काहीच बदललं नाही. पडदा परत लावला की सगळं पूर्वीसारखं. पण N! नसलेलं सूत्र म्हणतं की प्रत्येक अणूला दुप्पट घनफळ मिळालं, म्हणून एन्ट्रॉपी 2R ln 2, म्हणजे ११.५३ जूल प्रति केल्व्हिनने वाढली. पडदा नुसता सरकवून एन्ट्रॉपी वाढत असेल तर सूत्रात खोट आहे. हाच गिब्जचा विरोधाभास.

आता १४६.५३ वाल्यांसाठी. त्यांनी N! घेतला, पण स्टर्लिंगचं सूत्र अर्धवट लिहिलं. ln N! म्हणजे N ln N − N. शेवटचा −N गाळला तर कंसात ५/२ ऐवजी ३/२ राहतात आणि उत्तर नेमकं एका R ने, ८.३१ ने कमी पडतं. माझ्या मुलांना मी ५/२ कधीच पाठ करू देत नाही. त्यातले ३/२ ऊर्जेतून येतात, U/T मधून, आणि उरलेला १ येतो N! मधून. एवढं सुटं करून लिहिलं की एक विसरायचा किंवा दोनदा मोजायचा प्रश्नच राहत नाही.

दोन चुका एकत्र असतील तर

ऑगस्टमध्ये लांज्याची एक मुलगी ६५९.२२ घेऊन आली. आकडा वरच्या यादीत नाही. तिलाच वजाबाकी करायला लावली. ६५९.२२ मधून १५४.८५ गेले, उरले ५०४.३७. त्यात मावणारा सगळ्यात मोठा ओळखीचा फरक N! चा, ४४६.९४. तोही काढला. उरले ५७.४३. तिने मान वर केली आणि म्हणाली, "सर, घनफळ लिटरमध्ये राहिलं." वही उघडायच्या आधीच दोन्ही चुका सापडल्या होत्या.

गुणाकारातल्या चुका लॉगमध्ये जाऊन नुसत्या एकमेकींत मिळवल्या जातात, म्हणून हे जमतं. फक्त ln आणि log ची चूक अशी वेगळी काढता येत नाही, कारण तिथे लॉगच बदललेला असतो. म्हणून ती तपासणी सगळ्यांत आधी.

शेवटची खातरजमा करायला हे एवढं पुरे:

```python
from math import pi, sqrt, log
k, h, NA = 1.380649e-23, 6.62607015e-34, 6.02214076e23
T, P, M = 298.15, 1e5, 0.039948
lam = h / sqrt(2*pi*(M/NA)*k*T)
print(k*NA*(log(k*T/(P*lam**3)) + 2.5))
```

यात M च्या जागी ०.००४००२६ घाला, हेलियमचे १२६.१५ आले पाहिजेत. दोन्ही वायू जुळले तर तुमची वाट बरोबर आहे.

पाचवी तपासणी: वायू खरंच एकअणू आहे का

इथून पुढे गणित बरोबर असूनही तक्त्याशी जुळत नाही. नायट्रोजनला हेच सूत्र लावलं तर १५०.४२ येतं आणि तक्त्यात १९१.६ असतं. हा फरक चुकीचा नाही. उरलेला भाग मुख्यतः रेणूच्या गिरकीचा आहे, आणि आपल्या सूत्रात गिरकी नाहीच.

एकअणू असूनही फसवणारे वायू आहेत. सोडियमच्या वाफेत प्रत्येक अणूची सगळ्यात खालची इलेक्ट्रॉनिक अवस्था दुहेरी असते, म्हणून R ln 2, म्हणजे ५.७६ वरून मिळवावे लागतात. आर्गॉन, हेलियम आणि पारा यांची ती अवस्था एकेरी, म्हणून तिथे काही मिळवायचं नाही. बरोब्बर ५.७६ कमी पडत असतील तर हेच पाहा.

इथे थांबा

उत्तर ऋण आलं आणि तापमान खूप कमी असेल तर चूक शोधत बसू नका. १ बार दाबाला आर्गॉनचं हे सूत्र सुमारे ०.१७ केल्व्हिनच्या खाली ऋण एन्ट्रॉपी देतं. पण खरा आर्गॉन ८७ केल्व्हिनलाच द्रव होतो आणि ८४ ला गोठतो. सूत्र वायूचं आहे आणि तिथे वायू उरलेलाच नाही. q/N एक कोटीवरून एकाच्या जवळ आला की N! चा साधा भागाकार कोसळतो. तिथे फर्मी किंवा बोस सांख्यिकी लागते. ती नीट शिकवणारे प्राध्यापक गाठा, माझ्यासारख्या शिकवणीवाल्याच्या दोन तासांत ते होत नाही.

दुसरी थांबण्याची जागा जास्त दाबाची. मिरकरवाड्याच्या बाजूला बोटींच्या स्टीलच्या कामाला आर्गन वेल्डिंग करतात. एका मुलाचे वडील ते काम करतात, आणि त्याने मला विचारलं की त्यांच्या भरलेल्या सिलिंडरमधल्या आर्गॉनची एन्ट्रॉपी किती. साधारण दीडशे बार धरले तर आदर्श वायूच्या हिशोबाने R ln 150, म्हणजे ४१.६६ वजा होऊन ११३.१८ येतात. त्याने ते क्षणात काढलं. पण दीडशे बारला अणू एकमेकांना ओढायला आणि ढकलायला लागलेले असतात आणि PV = RT पुरत नाही. तिथे आर्गॉनसाठी मोजून बसवलेलं अवस्था-समीकरण लागतं, आणि ते वापरायचं काम थर्मोडायनॅमिक्सच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाचं. त्या मुलाच्या वहीत मी ११३.१८ पुढे "आदर्श वायू धरून" एवढे तीन शब्द लिहायला लावले, आणि पुढचं त्याच्या विभागातल्या बाईंना विचारायला सांगितलं.